पगार किती, ऑफिस कुठे, घरून किती दिवस?

‘सीनियर टेस्ट इंजिनिअर हवेत. अनुभव चार ते सात वर्षे. ठिकाण बेंगळुरू. हायब्रिड. पगार इंडस्ट्री स्टँडर्डनुसार, योग्य उमेदवारासाठी अडचण नाही. तातडीने रुजू होणाऱ्यांना प्राधान्य. सीव्ही पाठवा.’

या धाटणीची जाहिरात बेंगळुरूत नोकरी शोधणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांखालून रोज जाते. तिच्यात कोणती टूल्स यायला हवीत याची लांबलचक यादी असते. उमेदवार कसा उत्साही, चटपटीत आणि दबावाखाली काम करणारा असावा, हेही असते. मात्र नोकरी घ्यावी की नाही हे ज्यांवर ठरते त्या तीन गोष्टी नसतात. पगाराचा आकडा नसतो. ऑफिस शहराच्या कोणत्या टोकाला आहे ते नसते. हायब्रिड म्हणजे आठवड्यातले किती दिवस, तेही नसते. आणि एवढे सगळे झाकून ठेवणारा माणूस उमेदवाराला मात्र पहिल्याच निरोपात विचारतो: सध्याचा सीटीसी किती, अपेक्षा किती, नोटीस पिरियड किती?

अशा पोस्टला सीव्ही पाठवून उत्तर देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आधी प्रश्न पाठवावेत. ते तीनच असावेत, मोबाइलच्या एका स्क्रीनवर मावावेत, आणि प्रत्येकाचे उत्तर आकड्यात किंवा ठिकाणाच्या नावातच द्यावे लागेल असे असावेत. ‘पगाराबद्दल थोडी माहिती मिळेल का?’ असे विचारले की ‘पगार उत्तम आहे’ असे उत्तर येते, आणि ते देणाऱ्याला दोषही देता येत नाही. सैल प्रश्नाला सैलच उत्तर मिळते.

एक उदाहरण धरू. मूळची सांगलीची, पाच वर्षांच्या अनुभवाची एक टेस्ट इंजिनिअर बनशंकरी सेकंड स्टेजमध्ये दोन मैत्रिणींबरोबर भाड्याने राहते. सध्याचा सीटीसी साडेचौदा लाख, त्यात व्हेरिएबल काहीच नाही. वरची पोस्ट तिला दिसते. ती टाकणारी बाई एका भरती एजन्सीत काम करते. तिला पाठवायचा निरोप असा असावा:

‘नमस्कार मॅडम. तुमची सीनियर टेस्ट इंजिनिअरची पोस्ट पाहिली. माझा पाच वर्षांचा अनुभव त्यात बसतो. सीव्ही पाठवण्याआधी तीन गोष्टी कळल्या तर बरं होईल.
१. या जागेचं बजेट किती आहे? त्यात फिक्स्ड किती आणि व्हेरिएबल किती?
२. ऑफिस नेमकं कोणत्या भागात आहे? कंपनीचं स्वतःचं की क्लायंटचं? मी बनशंकरीत राहते.
३. आठवड्यातून किती दिवस ऑफिसला यावं लागेल? ते ऑफर लेटरमध्ये लिहून मिळतं का?
संध्याकाळी सहानंतर फोनवर बोलू शकते. धन्यवाद.’

प्रत्यक्षात असे निरोप बहुधा इंग्रजीत जातात, पण मजकूर हाच. यात विनवणी नाही आणि उर्मटपणाही नाही. ‘सीव्ही पाठवण्याआधी’ हे दोन शब्द मात्र महत्त्वाचे आहेत. सीव्ही हातात पडेपर्यंत भरती करणाऱ्या व्यक्तीला उमेदवाराची गरज असते. तो मिळाला, एजन्सीच्या यादीत नाव चढले, की तीन प्रश्नांची उत्तरे देण्याची निकड कमी होते. शिवाय एकदा एका एजन्सीने तुमचे नाव कंपनीकडे पाठवले की बहुतेक कंपन्या काही महिने तेच नाव दुसऱ्या एजन्सीकडून घेत नाहीत. म्हणून चौकशी न करता पाठवलेला सीव्ही पुढची एखादी वाटही बंद करू शकतो.

पहिल्या प्रश्नात ‘पगार’ न म्हणता ‘बजेट’ म्हटले आहे, तेही जाणूनबुजून. भरतीच्या धंद्यात हाच शब्द चालतो. कंपनी एजन्सीला काम देते तेव्हा पदाच्या वर्णनाबरोबर त्या जागेसाठी किती पैसे मंजूर आहेत हेही साधारणपणे सांगते. एजन्सीची फी उमेदवाराच्या वार्षिक सीटीसीच्या टक्केवारीत ठरते. अनेक करारांत ती ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याच्या सीटीसीइतकी असते. ज्या आकड्यावर आपली फी निघणार तो एजन्सीला अजिबात माहीत नाही, असे क्वचितच घडते. म्हणून ‘पगार कंपनी ठरवेल, मला कल्पना नाही’ हे उत्तर आले तर ‘निदान कंपनीने दिलेली वरची मर्यादा सांगा’ असे एकदा नम्रपणे म्हणायला हरकत नाही.

समजा, उत्तर येते: ‘बजेट अठरा लाखांपर्यंत. ऑफिस बेंगळुरू. हायब्रिड.’

साडेचौदावरून अठरा. कुणालाही वाटेल, साडेतीन लाखांची वाढ झाली, आता मुलाखतीची तयारी करावी. पण तिच्या पहिल्या प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाचे उत्तर अजून आलेले नाही. ती पुन्हा विचारते, आणि कळते की अठरापैकी पंधरा टक्के व्हेरिएबल आहे. इथे वही-पेन घेऊन बसावे, कारण खरी गोष्ट या हिशेबातच कळते.

अठरा लाखांचे पंधरा टक्के म्हणजे २ लाख ७० हजार. हे पैसे कंपनीची आणि तुमची वर्षभराची कामगिरी पाहून मिळतील. पूर्ण मिळतील, अर्धे मिळतील किंवा मिळणारही नाहीत. उरले १५ लाख ३० हजार. यात कंपनीने भरायचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटीची तरतूद आणि आरोग्यविम्याचा हप्ता धरलेला असतो, कारण सीटीसी म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च. मूळ वेतन सीटीसीच्या निम्मे, म्हणजे नऊ लाख धरू. त्याचे बारा टक्के, १ लाख ८ हजार, कंपनीच्या वाट्याचा पीएफ. ग्रॅच्युइटी मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के, म्हणजे सुमारे ४३ हजार. विम्याचे १४ हजार धरले, तर एकूण १ लाख ६५ हजार पगाराच्या स्लिपवर येण्याआधीच बाजूला झाले. राहिले १३ लाख ६५ हजार, महिन्याला १,१३,७५०. त्यातून तिच्या वाट्याचा पीएफ ९,००० जाणार, कर्नाटकाचा व्यवसाय कर २०० जाणार, आणि नव्या करपद्धतीतल्या २०२५-२६ च्या दरांनी महिन्याचा सुमारे ६,४०० रुपये प्राप्तिकर जाणार. हातात येतात साधारण ९८ हजार.

आता हाच हिशेब तिच्या सध्याच्या साडेचौदा लाखांना लावू. व्हेरिएबल नाही. मूळ वेतन निम्मे, ७ लाख २५ हजार. कंपनीचा पीएफ ८७ हजार, ग्रॅच्युइटी सुमारे ३५ हजार, विमा १४ हजार. हे वजा केल्यावर १३ लाख १४ हजार उरतात, महिन्याला १,०९,५००. तिचा पीएफ ७,२५०, व्यवसाय कर २००. करपात्र उत्पन्न बारा लाखांच्या थोडेसेच वर असल्याने मिळणाऱ्या सवलतीमुळे प्राप्तिकर महिन्याला ३,४०० च्या आसपास बसतो. हातात येतात साडेअठ्ठ्याण्णव हजारांच्या थोडे वर.

म्हणजे अठरा लाखांच्या नोकरीत महिन्याला हातात येणारी रक्कम आजच्याइतकीच, किंबहुना चार-पाचशे रुपयांनी कमीच. पीएफमध्ये दोन्ही वाटे मिळून दरमहा साडेतीन हजार जास्त साठतील, हे खरे, आणि तो पैसा तिचाच आहे. ग्रॅच्युइटीचे मात्र तसे नाही. कायम नोकरीत ती पाच वर्षे पूर्ण केल्यावर मिळते. तीन वर्षांनी नोकरी बदलली तर दरवर्षीचे ४३ हजार सीटीसीत लिहिलेले राहतात आणि हाती एक रुपयाही येत नाही. बाकी सगळी वाढ व्हेरिएबलमध्ये आहे. म्हणून त्यापुढचा प्रश्न विचारणे आलेच: ‘गेल्या वर्षी या टीममध्ये व्हेरिएबल किती टक्के दिलं गेलं?’ आणि ‘पहिल्या वर्षी ते महिन्यांच्या प्रमाणात मिळतं का?’ यांची उत्तरे एजन्सीकडे नसतील, पण ती कंपनीच्या एचआरला विचारून सांगू शकते. न विचारता मुलाखतीच्या चार फेऱ्या दिल्या तर हा हिशेब ऑफर लेटर हातात आल्यावर कळतो. तोवर सुट्ट्या खर्च झालेल्या असतात, सध्याच्या साहेबाला कुणकुण लागलेली असते, आणि नकार देणे जड जाते.

या हिशेबात कंपनीगणिक फरक पडतो. काही ठिकाणी पीएफ पूर्ण मूळ वेतनावर न कापता पंधरा हजारांच्या मर्यादेवर, म्हणजे महिन्याला १,८०० रुपयेच कापतात. तिथे हातात जास्त येते आणि साठते कमी. काही ठिकाणी जॉइनिंग बोनससुद्धा पहिल्या वर्षाच्या सीटीसीत मिळवून आकडा फुगवतात, आणि वर्षाच्या आत सोडल्यास तो परत मागतात. पण फिक्स्ड किती, हे एक उत्तर मिळाले की बाकीचे आपल्याला घरी बसून मांडता येते. एवढ्याचसाठी पहिल्या निरोपात पगाराचे दहा प्रश्न घालू नयेत. दोन आकडे पुरतात.

दुसरा प्रश्न ठिकाणाचा. ‘बेंगळुरू’ हे उत्तर का चालत नाही, ते बनशंकरीत राहणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. बनशंकरीचे मेट्रो स्टेशन ग्रीन लाइनवर आहे. २०१७ च्या जूनपासून ते सुरू आहे. तिथून उत्तरेकडे पुढचेच स्टेशन आर. व्ही. रोड, आणि तिथे ऑगस्ट २०२५ पासून यलो लाइन मिळते, जी सिल्क बोर्ड, इलेक्ट्रॉनिक सिटी करत बोम्मसंद्रापर्यंत जाते. सुरुवातीला तिच्यावर तीनच गाड्या होत्या आणि दर २५ मिनिटांनी एक यायची. तरीही ऑफिस इलेक्ट्रॉनिक सिटीत असेल तर बनशंकरीच्या माणसाला ट्रॅफिकची चिंता न करता पोहोचता येते. व्हाइटफील्डला ऑफिस असेल तर ग्रीन लाइनने मॅजेस्टिक आणि तिथे बदलून पर्पल लाइनने शेवटापर्यंत. प्रवास लांबचा, पण वेळेचा अंदाज पक्का. ऑफिस आउटर रिंग रोडवर बेळंदूर किंवा कडुबीसनहळ्ळीला असेल तर मात्र गणित बदलते. सिल्क बोर्डपासून पुढे कृष्णराजपुरमकडे जाणाऱ्या मेट्रोचे काम अजून चालू आहे, तेव्हा तिथवर बसने, कॅबने किंवा दुचाकीनेच जायचे. अंतर सतरा-अठरा किलोमीटर. २०२४ च्या टॉमटॉमच्या पाहणीत बेंगळुरूत दहा किलोमीटर कापायला सरासरी ३४ मिनिटे लागत होती, आणि ती सरासरी दिवसरात्रीची आहे. सकाळी नऊला सिल्क बोर्डच्या चौकात उभ्या असलेल्या माणसाची नाही. दोन्ही वेळचे मिळून अडीच तास धरावेत. नागवाऱ्याजवळच्या मान्यता टेक पार्कचे नाव निघाले तर शहर दक्षिणेकडून उत्तरेला पूर्ण ओलांडायचे.

आणि घर बदलायचे म्हटले तर बेंगळुरूत घरमालक पूर्वापार दहा महिन्यांच्या भाड्याइतके डिपॉझिट मागतात. हल्ली काही ठिकाणी ते कमी झाले आहे, पण तीस हजारांच्या घराला दीड ते तीन लाख गुंतवायची तयारी ठेवावीच लागते. पुण्याहून किंवा सोलापूरहून नव्याने येणाऱ्याने तर ऑफिसचा भाग कळल्याशिवाय पीजीचासुद्धा ॲडव्हान्स देऊ नये.

म्हणून निरोपात ‘मी बनशंकरीत राहते’ हे वाक्य आहे. ते वाचून चांगली रिक्रूटर स्वतःच सांगते, की ऑफिस कडुबीसनहळ्ळीला आहे, तुम्हाला जमेल का बघा. तिलाही तिसऱ्या फेरीनंतर गळणारा उमेदवार नको असतो. ‘कंपनीचं की क्लायंटचं’ हा तुकडाही तितकाच कामाचा. सेवा देणाऱ्या कंपन्यांत माणूस ज्या कंपनीच्या पगारपत्रकावर असतो, तिच्या ऑफिसात तो बसेलच असे नाही. क्लायंटच्या जागेत बसायचे असेल तर हजेरीचे, सुट्टीचे आणि घरून काम करण्याचे नियमही क्लायंटचे लागू होतात, आणि प्रोजेक्ट संपला की शहराचे टोकही बदलू शकते. कित्येक नेमणूकपत्रांत ‘भारतात कुठेही बदली होऊ शकते’ असे कलम असतेच. ते काढून घेणे एकट्या उमेदवाराला जमत नाही. पण पहिली जागा कोणती, हे विचारण्याचा हक्क तिला नक्कीच आहे.

तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ. घरून काम किती दिवस, याचे उत्तर कंपनीगणिक आणि वर्षागणिक बदलत आले आहे. टीसीएसने ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात बोलावले. इन्फोसिसने मार्च २०२५ पासून ठरावीक श्रेणीपर्यंतच्या कर्मचाऱ्यांना महिन्यातून दहा दिवस येणे सक्तीचे केले. दोन्ही कंपन्यांनी नियम आकड्यात सांगितला, म्हणून कर्मचाऱ्याला निदान आठवडा आखता येतो. पोस्टमध्ये नुसते ‘हायब्रिड’ लिहिले की महिन्यातून दोनदा तोंड दाखवण्यापासून आठवड्याला चार दिवसांपर्यंत काहीही त्यात बसते.

दिवसांच्या आकड्याबरोबर ‘लिहून मिळतं का’ हे विचारायचे, कारण ही सवलत बहुतेक वेळा ऑफर लेटरमध्ये नसते. ती मॅनेजरच्या मर्जीवर किंवा कंपनीच्या अंतर्गत धोरणावर चालते, आणि धोरण एका ईमेलने बदलते. लिहून मिळत नाही, असे प्रामाणिक उत्तर आले तरी ते उपयोगी आहे. त्यावरून आपण ठरवायचे की पाचही दिवस जावे लागले तरी ही नोकरी परवडेल का. परवडत नसेल तर आज मिळणाऱ्या दोन दिवसांच्या भरवशावर राजीनामा देऊ नये. ज्यांना सणावाराला गावी जाऊन तिथूनच आठवडा-पंधरवडा काम करायचे असते, त्यांनी तेही वेगळे विचारावे. घरून म्हणजे बेंगळुरूतल्याच घरून, अशी अट अनेक ठिकाणी असते, आणि ती कंपनीचा लॅपटॉप घेऊन सांगलीला गेल्यावर कळलेली बरी नव्हे.

समजा, पुन्हा विचारल्यावर उरलेली उत्तरेही मिळाली. आता तिच्या तिन्ही उत्तरांची बेरीज करू. फिक्स्ड १५ लाख ३० हजार, ऑफिस कडुबीसनहळ्ळी, आठवड्याला चार दिवस. सध्याचे ऑफिस जयनगरला आहे, मेट्रोची दोन स्टेशने. नवी नोकरी घेतली तर हातात तेवढेच पैसे येणार आणि आठवड्याचे दहा तास रस्त्यावर जाणार. तिने रिक्रूटरला कळवायचे: ‘माहितीबद्दल आभार. फिक्स्ड साडेसतरा लाख किंवा ऑफिसचे दोनच दिवस, यांपैकी एक जमत असेल तर मी मुलाखतीला तयार आहे. नसेल तर या वेळी थांबते.’ हा नकार नाही. यात कंपनीला काय बदलायचे ते नेमके कळते, आणि रिक्रूटरकडे कंपनीशी बोलायला काहीतरी ठोस असते. रिक्रूटरने सध्याचा सीटीसी विचारला तर खरा आकडा सांगावा, पण बजेट कळल्यावर, आणि फिक्स्डचाच सांगावा. ऑफरच्या वेळी सॅलरी स्लिपा मागतातच, त्यामुळे फुगवून सांगण्यात अर्थ नाही.

उत्तरच आले नाही तर? दोन कामाचे दिवस वाट पाहावी, एकदा आठवण करावी आणि सोडून द्यावे. कधीकधी त्या पोस्टमागे मंजूर झालेली जागाच नसते. पुढेमागे लागतील म्हणून सीव्ही जमवले जात असतात. आणि उत्तरात नोंदणीची फी, लॅपटॉपचे डिपॉझिट किंवा प्रशिक्षणाचे पैसे मागितले तर संभाषण तिथेच थांबवावे. भरतीचे पैसे कंपनी देते, उमेदवार कधीही देत नाही.

रिक्रूटरची बाजूही आहे. आकडा न छापण्याची सूचना बहुतेकदा कंपनीचीच असते. नव्या माणसाला देऊ केलेला पगार छापला की त्याच टीममध्ये सहा वर्षे काम करणारे लोक तो वाचतात आणि दुसऱ्या दिवशी मॅनेजरच्या दाराशी येतात. कंपनीला हे टाळायचे असते. शिवाय कमी मागणारा उमेदवार सापडला तर बजेटमधले पैसे वाचतात. ही कारणे समजतात, पण मान्य होत नाहीत. जुन्या माणसाला कमी देत असल्याची अडचण नव्या उमेदवाराच्या वेळेतून आणि सुट्ट्यांतून का भागवायची?

आणि पगार व ठिकाण आधी सांगण्याचा नियम आपल्याकडे कधी नव्हताच असेही नाही. रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवणे सक्तीचे करणारा केंद्राचा कायदा १९५९ चा. त्याखालच्या १९६० च्या नियमांत जागा कळवताना काय काय लिहायचे याची यादी आहे, आणि तिच्यात वेतन व भत्ते आणि कामाचे ठिकाण, गाव आणि जिल्ह्यासह, ही दोन्ही कलमे आहेत. पंचवीस किंवा अधिक माणसे असलेल्या खासगी आस्थापनांनाही तो लागू होता. माणूस तिथूनच घ्या, असे बंधन नव्हते, म्हणून खासगी कंपन्यांनी तो मनावर घेतला नाही आणि सरकारनेही नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. वेतन आणि ठिकाण सांगणे नोकरी देणाऱ्याचे काम आहे, हे साठहून अधिक वर्षांपूर्वीच्या साध्या छापील फॉर्मला मान्य होते. आजही राज्य लोकसेवा आयोगाच्या जाहिरातीत वेतनश्रेणी दिलेली असते, आणि त्यामुळे आयोगाला उमेदवार कमी पडल्याचे कुणी ऐकलेले नाही.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात १ जानेवारी २०२१ पासून जाहिरातीत पगाराची कक्षा देणे सक्तीचे आहे. सुरुवातीला काही कंपन्यांनी ‘कोलोरॅडोच्या रहिवाशांनी अर्ज करू नये’ असे लिहून घरून करायच्या कामातून त्यांना वगळण्याचा मार्ग काढला होता. पुढे न्यूयॉर्क शहर, कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन राज्यानेही तसेच नियम केले. युरोपीय संघाच्या २०२३ च्या निर्देशानुसार सदस्य देशांना ७ जून २०२६ पर्यंत कायदे करायचे होते: मुलाखतीआधी पगाराची कक्षा सांगायची, आणि उमेदवाराला आधीचा पगार विचारायचा नाही. बेंगळुरूत कितीतरी युरोपीय कंपन्यांची मोठी केंद्रे आहेत. त्यांच्या मूळ देशात अर्जदाराला जे आधी सांगण्याची अपेक्षा आहे, तेच बनशंकरीतल्या अर्जदाराने विचारले तर ‘मुलाखतीत बोलू’ असे ऐकावे लागते.

कायदा होईल तेव्हा होईल. नोकरीच्या पोर्टलांना मात्र त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. मोठ्या पोर्टलांवर जागा टाकताना रिक्रूटर पगाराची कक्षा फॉर्ममध्ये भरतात आणि मग ती उमेदवारांना दिसू नये म्हणून एका चौकटीत खूण करतात. आकडा पोर्टलकडे आहे, तो वापरून शोधाचे निकालही लावले जातात. फक्त ज्याने अर्ज करायचा त्याला तो दिसत नाही. ती खुणेची चौकट काढून टाकावी. ‘बेंगळुरू’पुढे भागाचे नाव आणि ‘हायब्रिड’पुढे दिवसांची संख्या भरल्याशिवाय पोस्ट पुढे जाऊ देऊ नये. पुण्यात हिंजवडी आणि खराडी, मुंबई-नवी मुंबईत लोअर परळ आणि ऐरोली यांच्यासाठीही हेच लागू करावे. एवढा बदल करायला पोर्टलच्या एका टीमला एक आठवडा पुरेल.